‘तोंडून निघून गेलं’ नाही, ‘मी सांगितलं’

पत्र:

माझ्या जवळच्या मैत्रिणीने मला विश्वासाने सांगितलं होतं की ती आणि तिचा नवरा सध्या वेगळे राहतायत. तिच्या घरच्यांनाही अजून माहीत नाही. मी ते आमच्या दोघींच्या ओळखीच्या एका मैत्रिणीला फोनवर बोलताना सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी हिला मेसेज केला, ‘कळलं गं, काही लागलं तर सांग.’ हिने मला एवढंच लिहिलं, ‘तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.’ तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. आठवडा होत आला. खालचा मेसेज लिहून ठेवलाय, पण पाठवायचा धीर होत नाही. वाचताना मलाच काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही. दुरुस्त करून द्याल का?

> हाय, खूप दिवस लिहायचं होतं. जे काही झालं त्याबद्दल मनापासून सॉरी. तुला वाईट वाटलं असेल तर खरंच माफ कर. माझा हेतू अजिबात वाईट नव्हता, उलट मला तुझी काळजी वाटत होती. तिच्याशी बोलताना विषय निघाला आणि तोंडून निघून गेलं. ऑफिसमध्ये पण त्या आठवड्यात खूप ताण होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. मला वाटलं नव्हतं ती लगेच तुला मेसेज करेल. तुला माहितीये मी अशी नाही. आठवडाभर मला झोप नाही, जेवण जात नाही. प्लीज राग सोड ना, आपली इतक्या वर्षांची मैत्री आहे. काहीतरी रिप्लाय कर.

उत्तर:

मेसेज परत वाचा, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा की हे कोणी केलं. ‘जे काही झालं’, ‘विषय निघाला’, ‘तोंडून निघून गेलं’. विषय आपला आपण निघाला, शब्द आपले आपण बाहेर पडले. लहान मूल ‘ग्लास फुटला’ म्हणतं, तसंच हे. ‘मी सांगितलं’ असं पूर्ण मेसेजात एकदाही येत नाही. ‘मी’ आहे, पण ‘मी अशी नाही’ या वाक्यात, म्हणजे स्वतःच्या बचावाला. मैत्रिणीला मात्र आत्ता एकच गोष्ट ऐकायची आहे: जिने सांगितलं, तिला आपण सांगितलं हे कळलंय का. तुम्हाला खटकतंय ते बहुधा हेच.

म्हणून पहिली दुरुस्ती ‘जे काही झालं’ या तीन शब्दांत. तिथे नेमकी चूक नाव घेऊन लिहायची. इथे एक काळजी मात्र घ्या. ‘तू आणि तुझा नवरा वेगळे राहता हे मी सांगितलं’ असं लिहू नका. मेसेज आला की त्याची पहिली ओळ फोनच्या बंद पडद्यावर उमटते, आणि तो फोन त्या क्षणी कोणाच्या नजरेसमोर असेल हे तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या घरी अजून माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. गुपित फोडल्याची माफी मागताना ते दुसऱ्यांदा फोडायला नको. ‘तू मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट’ एवढं पुरे. तिला कळतं कोणती ती.

‘वाईट वाटलं असेल तर’ यावर फार बोलत नाही. तिने तुम्हाला एक ओळ लिहिली, मग फोन उचलणं बंद केलं. ‘असेल तर’ला जागाच उरलेली नाही. काढून टाका.

आता काळजी, ताण आणि हेतू. इथेच तुमचा हात अडखळणार, कारण या तिन्ही गोष्टी खऱ्या असणार. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण खरं कारणसुद्धा चुकीच्या जागी ठेवलं की सबब होतं. फरक ओळखायची एक सोपी रीत आहे: हे वाक्य तिच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते शोधायचं. ‘ऑफिसमध्ये ताण होता’ हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर? ‘मी तुला कितपत दोषी धरू?’ या प्रश्नाचं. तो तिने विचारलेलाच नाही, आणि उत्तर तुम्ही आधीच देऊन ठेवलंय की थोडंसंच धर. शिवाय ताणात असलेली माणसं चावी विसरतात, वेळेवर पोचत नाहीत. दुसऱ्याची खाजगी गोष्ट सांगायला ताणाची गरज लागत नाही. हे तिलाही कळतं, त्यामुळे ते वाक्य तुमची बाजू आणखी कमकुवतच करतं.

‘तुझी काळजी वाटत होती’ हे तर जास्तच अवघड आहे. त्यातून असा अर्थ निघतो की मी सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी. म्हणजे आता तिने रागही धरायचा आणि वर तुमच्या प्रेमाबद्दल कृतज्ञही राहायचं. तुमचा हेतू काय होता हे सांगायची वेळ पुढे येईल, ती विचारेल तेव्हा. या मेसेजात नको.

‘मला वाटलं नव्हतं ती लगेच तुला मेसेज करेल’ हे वाक्य तुम्ही कदाचित सहज लिहिलं असेल. वाचणाऱ्याला मात्र पूर्ण मेसेजात हेच सगळ्यात जास्त टोचेल. त्याचा सरळ अर्थ असा होतो की सांगितलं यात फारसं काही नाही, तुला कळलं हे वाईट झालं. शिवाय अर्धा दोष त्या तिसरीकडे सरकला. तिने तर भाबडेपणाने चौकशीच केली होती.

इतकं सगळं काढलं की मेसेजात फारसं काही उरत नाही. आणि मग लक्षात येतं की जे असायला हवं होतं ते त्यात मुळात नव्हतंच.

तिच्या जागी बसून विचार करा. गेला आठवडाभर तिच्या डोक्यात काय फिरत असेल? तुमच्या हेतूबद्दल ती फार विचार करत नसणार. तिला भेडसावणारे प्रश्न वेगळे आहेत. आणखी कोणाला सांगितलं? नेमकं किती सांगितलं? नुसतं वेगळे राहतात एवढंच, की मी रडत रडत बोलले होते तेही? ती दुसरी पुढे कोणाशी बोलली का? आईच्या कानावर जाणार का, आणि गेलं तर कधी? हे सगळं फक्त तुम्ही सांगू शकता, आणि तुमच्या मेसेजात यातलं अक्षरही नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट फुटली की गोष्ट गेली एवढंच नुकसान नसतं. ती आता कुठवर पसरली आहे ते कळेनासं होतं, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे ‘हिला माहीत असेल का’ असं बघावं लागतं. तो भाग तुम्ही आज कमी करू शकता.

त्यासाठी मेसेजला हात लावण्याआधी स्वतःपुरता एक हिशोब करा. कोणाला सांगितलं, कधी, कोणत्या शब्दांत. नवऱ्याशी, बहिणीशी जेवताना अर्धं वाक्य बोललात का? बोलला असाल तर तेही धरा. हे लिहिताना ‘एवढं कशाला सांगायचं’ असं वाटेल. सांगा. आज तुम्ही ‘फक्त तिलाच’ लिहिलंत आणि महिन्याभराने दुसरं नाव बाहेर आलं, तर त्यानंतरच्या कुठल्याही माफीला किंमत उरणार नाही. ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्याबद्दल ‘मला आठवतंय तेवढं’ असं लिहिलेलं चालेल.

दुसरं काम त्या तिसऱ्या मैत्रिणीला एक फोन. इथे माझीही थोडी चलबिचल आहे, कारण हा फोन म्हणजे मैत्रिणीच्या पाठीमागे तिच्याच विषयावर पुन्हा बोलणं. पण गोष्ट पुढे जाणं थांबवायचं तर तो करावा लागेल. फक्त तीन वाक्यं बोला: ते मी तुला सांगायला नको होतं, कृपा करून कोणाशी बोलू नकोस आणि तिच्याकडेही पुन्हा विषय काढू नकोस, आतापर्यंत तू कोणाला बोललीस का? मग फोन ठेवा. ‘ती माझ्यावर खूप चिडलीये गं’ हे सांगायचा मोह होईल. ते सांगितलंत की दुसरी बातमी दिलीत. आणि मैत्रिणीने तुम्हाला ‘आता तिच्याशी काही बोलू नकोस’ असं आधीच म्हटलं असेल, तर हा फोन करायचाच नाही.

झोप, जेवण आणि ‘राग सोड ना’ ही वाक्यंही जाणार. तुमचे हाल खरे असतील, पण ते तिला सांगितले की तिच्यावर एक काम येतं: तुम्हाला शांत करायचं. ज्याचं दुखलंय त्यानेच दुखवणाऱ्याची समजूत काढायची, असं ते होऊन बसतं. ‘इतक्या वर्षांची मैत्री’ हीसुद्धा तिच्यावरच टाकलेली जबाबदारी आहे. ती इतक्या वर्षांची आहे म्हणूनच तर तिने तुम्हाला सांगितलं होतं. माफीत कोणत्या भागाने किती फरक पडतो, यावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माफीचे सहा भाग पाडून लोकांना तोलायला दिले. सगळ्यात जास्त वजन मिळालं ‘ही माझी चूक’ असं कबूल करण्याला, त्याखालोखाल नुकसान भरून काढण्याच्या तयारीला. सगळ्यात कमी वजन ‘मला क्षमा कर’ या विनंतीला. तुमच्या मेसेजात विनंत्या तीन आहेत आणि कबुली एकही नाही.

सबबी काढा म्हटलं की बरेच जण उलट्या टोकाला जातात. तुम्हीही जाल असं धरून तोही नमुना देते, पाठवू नये म्हणून:

> मी खूप नालायक आहे. मी तुझ्या मैत्रीच्या लायकीची नाही. तू माझं तोंडही बघू नकोस, तरी चालेल. मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही.

यात सबब नाही हे खरं, पण चूकही नाही. काय केलं ते पुन्हा गायबच, आणि आता सगळा प्रकाश तुमच्यावर. यावर भल्या माणसाला ‘असं नको गं बोलूस’ एवढंच लिहिता येतं, आणि तिचा राग तसाच आत राहतो. ‘आयुष्यात पुन्हा कधी असं होणार नाही’ हे मोठं वचनही मी टाळेन. ते तिला तपासता येत नाही. काल तुम्ही काय केलंत, ते तपासता येतं.

आता मेसेज. फोनमधले तपशील तुमच्या हिशोबाप्रमाणे बदला. जे खरं नाही ते माझ्या शब्दांत आहे म्हणून ठेवू नका.

> माझं चुकलं. तू मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तुला न विचारता दुसरीला सांगितली. कोणाला, कधी सांगायचं हे तू ठरवायचं होतंस, ते मी तुझ्या हातून काढून घेतलं. त्या मेसेजला काय उत्तर द्यायचं हेही तुझ्यावरच येऊन पडलं. सॉरी.
>
> मी फक्त तिलाच सांगितलं, घरातसुद्धा बोललेले नाही. तू मला सुरुवातीला जे एक वाक्य म्हणालीस तेवढंच सांगितलं; कारणं किंवा तू पुढे जे बोललीस त्यातलं काही नाही. काल तिला फोन करून सांगितलं की ते मी सांगायला नको होतं, तिने कोणाशी बोलू नये आणि तुझ्याकडेही विषय काढू नये. ती हो म्हणाली. तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही, असं ती म्हणते.
>
> उत्तर द्यायलाच हवं असं नाही. बोलावंसं किंवा भांडावंसं वाटलं तर मी ऐकेन. तोवर मी फोन करणार नाही.

‘मी चुकले’ लिहा की ‘माझं चुकलं’, त्याने काही बिघडत नाही, लगेच पुढच्या वाक्यात ‘मी सांगितली’ आलं पाहिजे. पहिली ओळ मुद्दाम अशी ठेवलीय की पडद्यावर ती कोणी वाचली तरी काही उघड होत नाही, आणि मैत्रिणीला मात्र न उघडताच कळतं की आत ‘पण’ नाही. ‘माफ कर’ऐवजी नुसतं ‘सॉरी’ ठेवलंय, कारण ‘माफ कर’ म्हटलं की तिने काहीतरी करायचं असतं. ‘ती म्हणते’ हे दोन शब्द काढू नका. दुसरीच्या वतीने हमी तुम्ही देऊ शकत नाही, ती काय म्हणाली एवढंच सांगू शकता.

तुमच्या मेसेजपेक्षा हा लहान नाही, हे दिसलं असेल. लांबीचा प्रश्न नव्हताच. आधीच्या मेसेजात लांबी वाढली होती तुमच्याबद्दलच्या वाक्यांनी, इथे तिला हव्या असलेल्या माहितीने.

‘माफी समोरासमोर मागावी, मेसेजवर काय मागायची’ असं तुम्हाला कोणीतरी म्हणेल. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण ती फोन उचलत नाहीये. अशा वेळी दारात जाऊन उभं राहणं म्हणजे तिने घेतलेलं अंतर ओलांडणं. मेसेज तिला हवा तेव्हा उघडता येतो, अर्धा वाचून ठेवता येतो. ध्वनिसंदेश पाठवू नका. तो ऐकायला एकांत लागतो आणि तुमचा रडवेला आवाज तिला ऐकावाच लागतो. मेसेज एकदाच पाठवायचा, तोही रात्री उशिरा नाही. पाठवल्यावर एखादा शब्द खटकला म्हणून पुसून पुन्हा टाकू नका. ‘हा मेसेज काढून टाकला’ ही ओळ तिच्याकडे उरते आणि आणखी काय लपवलं असा नवा प्रश्न उभा राहतो.

उत्तर आलं तर ते बहुधा गोड नसेल. ‘तू असं करूच कशी शकलीस?’ असं येईल. कारणाची वेळ आता आली, कारण आता तिने विचारलंय. पण इथेही तयार उत्तर देऊ नका, खरं द्या. तुमचं खरं काय ते तुम्हालाच शोधावं लागेल. कसं दिसू शकतं ते सांगते:

> ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच होतं आणि मला कोणाशी तरी बोलायचं होतं. ते तुझ्याशीच बोलायला हवं होतं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

शेवटचं वाक्य लिहायला जड जातं. पण ते नसेल तर उरलेलं सगळं पुन्हा ‘काळजी वाटत होती’वर येऊन थांबतं. तिने मग जुनं काही काढलं, ‘तेव्हाही तू अशीच’ म्हणाली, तर ‘तू तरी कुठे’ हे बोटांवर आलं तरी टाइप करायचं नाही. सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की दुखावलेल्या माणसाला आपलं ऐकून घेतलं गेलंय, समजून घेतलं गेलंय असं वाटल्यानंतर आलेली माफी घाईने आलेल्या माफीपेक्षा जास्त समाधान देते. तुमचा मेसेज आधी गेलेला असेल, पण तिचं बोलून झाल्यावर ‘हे मला कळलं नव्हतं, याबद्दलही सॉरी’ असं म्हणायला जागा राहते. ती जागा वादात घालवू नका.

उत्तर आलंच नाही तर? वाचल्याची खूण दिसेल आणि पुढे काही नाही. तेव्हा ‘वाचलंस ना?’ असं विचारू नका, मधेच एखादा विनोद पाठवून काहीच घडलं नसल्यासारखं करू नका, आणि दुसरी माफीही पाठवू नका. तिचा वाढदिवस किंवा तिच्या घरात काही मोठं घडलं, तर साधे दोन शब्द पाठवता येतात, त्यात हा विषय न काढता. तिने स्पष्ट लिहिलं की संपर्क नको, तर तेही नाही. सगळं नीट लिहूनही ती परत येणार नाही, असं होऊ शकतं, आणि त्यावर दुसरा मेसेज हा उपाय नसतो.

ओळखीतलं कोणीतरी मध्ये विचारेल, ‘तुमचं दोघींचं काही बिनसलंय का?’ त्यावर ‘हो, माझंच चुकलं’ म्हणावंसं वाटेल, तेवढंच मन हलकं होईल. म्हणू नका, पुढचा प्रश्न ‘काय चुकलं?’ हाच असणार. ‘सध्या बोलणं कमी झालंय’ म्हणा आणि विषय बदला.